घेर शंभर इंच, तरी स्कर्ट सपाट: सहा कळ्यांच्या स्कर्टचं एक प्रकरण

स्कर्टचा तळ टेपनं मोजला तर पूर्ण १०० इंच भरत होता. एवढा घेर असलेला स्कर्ट अंगावर चांगला फुलायला हवा. पण कॉलेजची ती मुलगी तो घालून माझ्यासमोर उभी राहिली, तेव्हा पुढून आणि मागून स्कर्ट सपाट पडला होता आणि सगळं कापड दोन्ही कुशींना लोंबत होतं. तिला युवा महोत्सवात समूहनृत्य करायचं होतं. गिरकी घेतली की बाजूचं कापड वर उडायचं आणि पुढचं गुडघ्यांना चिकटून राहायचं. तळही सारखा नव्हता. कमरेपासून समोर उंची ३४ इंच होती, बाजूच्या शिलाईवर मात्र सव्वापस्तीस.

"काकू, बाजूनं लोंबतंय तेवढं कापून द्या," असं तिचं म्हणणं होतं.

कापून देता आलं असतं. त्यानं तळ एका रेषेत आला असता, पण समोरचा सपाटपणा तसाच राहिला असता. म्हणून स्कर्ट टेबलावर पसरला आणि हा १०० इंचांचा घेर नेमका कुठून आलाय ते तिला आणि तिच्या आईला दाखवलं.

स्कर्टला दोनच भाग होते, एक पुढचा आणि एक मागचा. शिवणाऱ्यानं साधा सरळ स्कर्ट आखला होता, म्हणजे तळाला प्रत्येक भाग साधारण २० इंचांचा. मग घेर हवा म्हणून सीटच्या रेषेपासून दोन्ही बाजूंच्या रेषा बाहेर ओढल्या होत्या, प्रत्येक बाजूला तळाशी १५ इंच. हिशेब बरोबर आहे: २० अधिक १५ अधिक १५ म्हणजे ५०, आणि दोन भागांचे १००. पण वाढवलेले सगळे ६० इंच दोन शिलायांच्या आजूबाजूला आले. मधल्या २० इंचांत पुढं काही वाढलं नाही, मागंही नाही. कापडाला चुण्या पडतात त्या जादा कापड जिथं असेल तिथंच. टेपला घेराचा आकडा कळतो, तो कुठं साठलाय हे कळत नाही.

बाजू लोंबण्याचं कारणही यातच आहे. सीटपासून तळापर्यंत २६ इंच खाली जाताना रेषा १५ इंच बाहेर गेली, म्हणजे ती उभ्या धाग्यापासून ३० अंशांच्या आसपास तिरकी झाली. कापड सरळ धाग्यावर ताणत नाही, उरेबात, म्हणजे धाग्याला ४५ अंशांच्या तिरक्या दिशेत, ताणतं, आणि ३० अंश म्हणजे उरेबाच्या बरंच जवळ. तिथं कापडाच्या स्वतःच्या वजनानं धागे सरकतात आणि शिलाई लांबते. शिवताना तळ सारखा असेलही, पण चार दिवस टांगून ठेवल्यावर बाजू खाली आली.

आईनं विचारलं, "मग ह्यालाच पुढं-मागं चिरून त्रिकोणी तुकडे घातले तर? नवं कापड कशाला?"

प्रश्न रास्त होता. या त्रिकोणी तुकड्याला गोडेट म्हणतात. शिलाईत किंवा चिरेत खालून वर निमुळता होत जाणारा तुकडा बसवला की तेवढ्या जागी घेर वाढतो. गोडेटचं वैशिष्ट्य असं की त्याच्या टोकाच्या वरचा स्कर्ट जसाच्या तसा राहतो. सीटला, मांडीला अंगाबरोबर बसलेला आणि गुडघ्यापासून एकदम फुललेला स्कर्ट हवा असेल, तर गोडेटच घालावा. दुसरी कुठलीही पद्धत इतकं स्वच्छ काम करत नाही. पण नाचाला असा स्कर्ट उपयोगाचा नव्हता. पाऊल लांब टाकायला मांडीजवळही सैलपणा हवा होता. शिवाय गोडेटच्या चुण्या गोडेटच्या जागीच पडतात, मधे पुन्हा सपाट पट्टे राहतात. आणि जुन्या स्कर्टच्या लोंबणाऱ्या बाजू पुढं-मागं गोडेट घातल्यानं काही वर येणार नव्हत्या. मधोमध चिरलेल्या कापडात गोडेटचं टोक बसवणं हेही जोखमीचं काम. टोकापाशी शिलाईचं मार्जिन शून्यावर येतं, तिथं कापड उसवतं किंवा सुरकुती धरतं. टोकामागं फ्यूजिंगचा, म्हणजे इस्त्रीनं चिकटणाऱ्या अस्तराचा, छोटा तुकडा चिकटवून, दोन्ही बाजू टोकापासून खाली अशा स्वतंत्र शिवल्या तरच ते नीट बसतं.

म्हणून नवा स्कर्ट शिवायचं ठरलं, सहा कळ्यांचा, म्हणजे वर अरुंद आणि खाली रुंद अशा सहा उभ्या तुकड्यांचा, आणि घेर प्रत्येक कळीच्या पोटात सारखा वाटून.

फर्मा

मापं अशी होती: कंबर २७, सीट ३६, उंची ३४. सीटला ३ इंच ढिलाई धरली की ३९. सहानं भागलं तर एका कळीला कमरेत साडेचार इंच आणि कमरेखाली ८ इंचांवर साडेसहा. तळाला मी १० इंच धरले, म्हणजे साधी कळी जोडली तर घेर ६० इंच. परकराला एवढा पुरतो. या कळीचा फर्मा, म्हणजे कापडावर ठेवून कापायचा कागदी साचा, ब्राऊन पेपरवर काढला, मार्जिन न धरता. मार्जिन का नाही, ते पुढं सांगते.

तिला घेर हवा होता ९ फूट, म्हणजे १०८ इंच. वाढवायचे ४८ इंच. सहा कळ्यांत प्रत्येकी ८. हे ८ इंच कळीच्या दोन बाजूंना चार-चार इंच वाढवून दिले, तर जुन्या स्कर्टचा दोष लहान प्रमाणात परत आला असता: सहा शिलायांवर सहा ढीग आणि मधे सपाट. तो घालवण्यासाठी स्लॅश अँड स्प्रेड करायचं, म्हणजे फर्मा तळापासून कमरेपर्यंत चिरायचा आणि चिरा खालून उघडायच्या. कमरेत माप तेवढंच राहतं, कारण तिथं कागद जोडलेला असतो. खाली मात्र जागा होते.

किती चिरा घ्यायच्या आणि किती उघडायच्या, इथं बहुतेकांचा हिशेब थोडक्यात चुकतो. कळीचा तळ १० इंच आहे. त्यात तीन चिरा घेतल्या की अडीच-अडीच इंचांच्या चार पट्ट्या होतात. आता ८ इंच या तीन चिरांतच वाटले, तर कळीच्या आत घेर सारखा होईल, पण दोन कळ्या जिथं जुळतात तिथं काय होतं ते पाहा. या कळीची शेवटची पट्टी आणि पुढच्या कळीची पहिली पट्टी एकमेकींना चिकटून येतात आणि ५ इंचांचा पट्टा न उघडता राहतो. शिलाईवर सपाटी दिसते. म्हणून शिलाईलाही एक चीरच समजायचं, जिचा अर्धा भाग या कळीत आणि अर्धा त्या कळीत. तीन चिरा २-२ इंच उघडल्या, ते झाले ६. दोन्ही कडांना १-१ इंच वाढवला, ते २. मिळून ८. कळीला कळी जोडली की शिलाईवरही बरोबर २ इंचच वाढतात. आता सबंध घेरात २४ जागा झाल्या, प्रत्येक ठिकाणी २ इंच आणि दोन जागांमधे मूळ कापड अडीच इंच. ६० अधिक ४८, १०८.

प्रत्यक्ष काम असं केलं. कळीच्या कमरेच्या रेषेचे चार सारखे भाग, तळाच्या रेषेचे चार सारखे भाग, आणि वरचा-खालचा बिंदू पट्टीनं जोडून तीन रेषा. कात्री तळाकडून लावायची आणि कमरेच्या रेषेला अगदी दोऱ्याएवढा कागद शिल्लक ठेवून थांबायचं. तो दोऱ्याएवढा कागद म्हणजे बिजागरी. मग खाली दुसरा मोठा कागद घेऊन त्यावर आधी मधली चीर उघडून दोन्ही बाजू टेपनं चिकटवल्या, नंतर डावी, नंतर उजवी. पट्ट्या हातपंख्याच्या पात्यांसारख्या पसरतात. शेवटी दोन्ही कडांना तळाशी १ इंच बाहेर खूण करून ती कमरेच्या कोपऱ्याशी जोडली.

मार्जिन न धरण्याचं कारण बिजागरीत आहे. बिजागरी शिलाईच्या रेषेवरच हवी. फर्म्याला वर अर्धा इंच मार्जिन असेल आणि आपण कागदाच्या काठापर्यंत चिरलं, तर बिजागरी शिलाईच्या अर्धा इंच वर जाते आणि शिलाईच्या रेषेवर प्रत्येक चीर किंचित उघडते. एका चिरेत ती डोळ्यांना दिसतही नाही. पण २४ ठिकाणचं मिळून कंबर पाऊण इंचाच्या जवळपास वाढते, आणि मग बेल्ट लावताना स्कर्ट का उरतोय ते समजत नाही. कागद फाटून बिजागरी तुटली तरी हेच होतं.

चिकटवल्यावर चीर उंचीच्या मध्यावर, म्हणजे १७ इंचांवर, मोजायची. तळाला २ इंच असेल तर मध्यावर बरोबर १ इंच यायला हवा. नाही आला तर पट्टी वाकलीय किंवा बिजागरी सरकलीय. हे मी प्रत्येक वेळी तपासते. नंतर कळी उभी मधोमध दुमडून दोन्ही अर्धे एकमेकांवर बसतात का तेही पाहते.

याच नियमानं सीटचंही उत्तर मिळतं. कमरेखाली ८ इंचांवर प्रत्येक जागा जवळजवळ अर्धा इंच उघडते. २४ जागांचे मिळून सीटला ११ इंच वाढले, ३९ चे ५० झाले. म्हणजे मूळ कळीला सीटसाठी दिलेला बाहेरचा गोलवा आता निरर्थक. तो काढून कमरेच्या कोपऱ्यापासून तळाच्या कोपऱ्यापर्यंत पट्टीनं सरळ रेषा मारली. तरीही सीटला ४६ इंच राहतात, ३६ च्या अंगाला भरपूर. ज्यांना सीटला अंगाबरोबर बसणारा स्कर्ट हवा त्यांच्यासाठी ही पद्धत इथंच संपते. घेर जितका वाढवाल तितकी सीट सैल होत जाणार, कारण चीर वरपर्यंत जाते.

आता तळ आणि कंबर. पट्ट्या पसरल्यावर प्रत्येकीची उंची ३४ इंचच आहे, पण त्या तिरक्या झाल्यामुळं त्यांची खालची टोकं सरळ रेषेत राहत नाहीत, कमानीवर येतात. या कळीत मधला भाग दोन्ही कोपऱ्यांच्या जोडरेषेपेक्षा सुमारे सात सूत खाली येतो, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. कमरेतही दोन सूत गोलवा येतो. इथं कुणी घाईनं पट्टी ठेवून तळ सरळ आखला, की कळीचा मध्य आखूड राहतो आणि शिवल्यावर प्रत्येक शिलाईवर तळाला चोच निघते. सहा शिलाया, सहा चोची. म्हणून टेपचं टोक कमरेवर ठेवून, प्रत्येक पट्टीच्या रेषेवर ३४ इंचांची खूण करत गेले आणि खुणा हातानं गोल जोडल्या. तळाची रेषा शिलाईच्या रेषेला काटकोनात भेटायला हवी. गोनिया लावून हे दोन्ही कोपऱ्यांत पाहून घेतलं. मग मार्जिन दिलं, सगळीकडं अर्धा इंच. उभ्या धाग्याची खूण कळीच्या बरोबर मधून.

कापड आणि शिलाई

नव्या पेठेतून तिनं मध्यम वजनाचं, एकरंगी सुती कापड आणलं होतं, ४४ पन्ह्याचं. रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून घेतलं, कारण उभ्या आणि आडव्या धाग्यांचं आटणं सारखं नसतं आणि गोल तळात ते लगेच उघडं पडतं. मार्जिनसह कळी वर साडेपाच आणि खाली १९ इंच. एक कळी सुलट, दुसरी उलट ठेवली की दोघींच्या तिरक्या कडा एकमेकींत बसतात. अशा दोन कळ्या ३२ इंचांच्या आत मावतात आणि शेजारच्या १२ इंचांच्या पट्टीत बेल्ट निघतो. तीन कळ्या एका रांगेत बसवायला साडेत्रेचाळीस इंच लागतात. कागदावर ते जमतं, पण दोन्हीकडची किनार सोडली की ४४ पन्ह्यात नेमकं हुकतं. म्हणून तीन रांगा, सुमारे ३ मीटर. ५८ पन्हा असता तर एका रांगेत चार कळ्या बसल्या असत्या आणि २ मीटरच्या आसपास भागलं असतं. उलट-सुलट मांडणी एकरंगी कापडालाच. एका दिशेच्या नक्षीला किंवा मखमलीला सगळ्या कळ्या एकाच दिशेनं ठेवाव्या लागतात.

सहा कळ्यांचा इथं मोठा फायदा झाला. वाढीव घेर कळ्यांत वाटला गेल्यामुळं एका कळीची कड उभ्या धाग्यापासून ११ अंशांच्या आसपासच तिरकी गेली. जुन्या स्कर्टला ती ३० होती. शिवाय स्कर्टभोवती सहा ठिकाणी, प्रत्येक कळीच्या मधोमध, धागा सरळ खाली उतरतो. नुसता घेर सारखा वाटायचा असता, तर दोन भागांतही भरपूर चिरा घेऊन तो वाटता आला असता. पण तेव्हा १०८ इंचांच्या घेराला बाजूची कड पुन्हा ३० अंशांच्या पुढं गेली असती आणि लोंबणं टळलं नसतं. चुण्या सारख्या पडतात चिरांमुळं, आणि तळ टिकतो कळ्यांमुळं. दोन्ही लागतात.

सगळ्या शिलाया तळाकडून कमरेकडे मारल्या. रुंदीकडून निमुळत्याकडे शिवलं की तिरकी कड मशीनच्या पायाखाली ताणत नाही. सहाही शिलाया एकाच दिशेनं हव्यात. एक वरून आणि एक खालून अशी मारली तर कळी पिळल्यासारखी पडते. डाव्या शिलाईत चेन आणि वर सरळ पट्टीचा बेल्ट, त्यात सांगण्यासारखं विशेष काही नाही.

बेल्ट लागल्यावर स्कर्ट एक दिवस हँगरला टांगून ठेवला, तळ न दुमडता. दुसऱ्या दिवशी मुलीला घालून उभं केलं आणि जमिनीवरून लाकडी पट्टीनं मोजत सगळीकडं खडूची खूण केली. शिलायांवर दोन सूत उतरलं होतं, कळ्यांच्या मध्यावर काही नाही. तेवढंच छाटलं. तळ पाव इंचाचा, दोनदा दुमडून. गोल तळाला रुंद दुमड देऊ नये, कारण दुमडलेली कड ज्या रेषेवर शिवायची तिच्यापेक्षा लांब असते. एक इंच दुमडलं असतं तर या स्कर्टला कळीमागं पाऊण इंचाहून जास्त कापड उरलं असतं आणि तळाला बारीक पिळ्या पडल्या असत्या.

अंगावर घातल्यावर २४ चुण्या पडल्या नाहीत, आणि पडायच्याही नव्हत्या. शेजारच्या दोन-दोन जागा एकत्र येऊन कापड आपल्या वजनाप्रमाणं मोठ्या घड्या करतं. सुती कापडात त्या दहा-बारा पडल्या, पुढं, मागं, कुशींना, साधारण सारख्या अंतरावर. क्रेपसारख्या लवचिक कापडात याहून जास्त आणि बारीक पडतात. गिरकीत तळ सगळीकडून एका उंचीला उठला.

चार दिवसांनी तिची मैत्रीण इरकलीचं कापड घेऊन आली, अडीच इंची काठाचं. तिला असाच स्कर्ट हवा होता आणि काठ तळाला. काठ सरळ विणलेला असतो, हा तळ गोल. काठ तळावर ठेवला की त्याची वरची कड कळीमागं एक इंच उरते, सहा कळ्यांत ६ इंच. एवढं कापड इस्त्रीच्या वाफेनं आटवता येत नाही, चुण्या घ्याव्या लागतात आणि काठाची नक्षी मोडते. तिला मी दोन मार्ग सांगितले: काठ तळालाच हवा असेल तर कळ्या सोडून सरळ कापडाचा, कमरेला चुण्या घेतलेला घागरा शिवू, कळ्याच हव्या असतील तर तळ साधा ठेवून काठ बेल्टला लावू, कारण बेल्ट सरळ पट्टीचाच असतो. तिनं कळ्या घेतल्या.